पाकिटाच्या पाठीवरचा तक्ता आणि ताईची वाटी

ताईच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला दिवसाला १४०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रोटीन असा प्लॅन दिला. कागदावर सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण असे रकाने होते आणि प्रत्येकासमोर कॅलरीचा आकडा. पोळी, भाजी, वरण यांची मापं त्यांनीच लिहून दिली होती. पाकिटातून येणाऱ्या गोष्टींपुढे मात्र ‘लेबल बघून हिशेब करावा’ एवढंच लिहिलं होतं. ताई नाशिकला, मी पुण्यात. मी बरीच वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली, लेबलावरचे आकडे कुठून येतात ते हाताने केलेलं काम आहे. त्यामुळे ताईने सरळ पाकिटांचे फोटो मला पाठवायला सुरुवात केली. ‘हे किती झालं ते सांग.’

त्यातला पहिला फोटो होता एका ‘प्रोटीन चिवड्या’चा. भाजके चणे, सोया, शेंगदाणे, पोहे असं मिश्रण, १५० ग्रॅमचं पाकीट. याच एका पाकिटावर सगळी रीत नीट समजते, म्हणून ते सविस्तर सांगतो.

तक्त्यात दोनच रकाने होते. पहिला ‘प्रति १०० ग्रॅम’, दुसरा ‘एका सर्व्हिंगमधून रोजच्या गरजेच्या किती टक्के’. सर्व्हिंग ३० ग्रॅम, पाकिटात पाच सर्व्हिंग, ही ओळ तक्त्याच्या वर बारीक अक्षरात. आपल्याकडे एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलिंग नियमांनी एवढं किमान बंधनकारक केलंय, आणि बरेच उत्पादक तेवढंच छापतात. टक्क्यांचा रकाना २००० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम यांच्या हिशेबाने काढलेला असतो. यात प्रोटीन नाही. त्यामुळे प्रोटीनच्या ओळीत टक्क्यांच्या जागी बऱ्याचदा नुसती आडवी रेघ असते. या चिवड्यावरही रेघच होती.

ताईचा पहिलाच प्रश्न होता, ‘म्हणजे वाटीभर खाल्लं की ४३८ कॅलरी?’ तिने एनर्जीच्या ओळीतला ४३८ वाचला होता आणि वरची ३० ग्रॅमची ओळही वाचली होती, दोन्ही मनात एकत्र झाले. ४३८ हे शंभर ग्रॅमला. तीस ग्रॅमला १३१. आणि तिच्या वाटीत किती मावतं हे पाकीट सांगू शकत नाही, ते काट्यावरच कळतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोंधळ त्या एकमेकींत मिसळल्यामुळेच होतो. म्हणून फोटो आला की मी आधी आकड्यांकडे बघतच नाही. आधी रकान्याचं डोकं वाचतो, शंभर ग्रॅमचा आहे, शंभर मिलिलिटरचा आहे की सर्व्हिंगचा. मग सर्व्हिंग किती ग्रॅमची ते शोधतो. मग निव्वळ वजन. ही तिन्ही फोटोत दिसत नसतील तर पुढचे आकडे कितीही स्पष्ट असले तरी निरुपयोगी.

आता फोटो. पाकीट चकचकीत होतं आणि वरचा ट्यूबलाइट बरोबर तक्त्याच्या मधोमध चमकत होता. एनर्जी ४३८, कर्बोदकं ५२.३, फॅट १७.१ हे दिसत होतं. प्रोटीनचा आकडा मात्र चमकीत अर्धा बुडाला होता. १३.६ असावा असं वाटत होतं, ताईनेही सोबत ‘प्रोटीन १३.६’ असंच लिहून पाठवलं होतं.

अशा वेळी मी एक साधी बेरीज करतो. प्रोटीनच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ४, फॅटच्या प्रत्येक ग्रॅमला ९. तिन्हींची बेरीज छापलेल्या एनर्जीच्या जवळ यायला हवी. इथे १३.६ चौक ५४.४, ५२.३ चौक २०९.२ आणि १७.१ नवे १५३.९. बेरीज ४१७.५. छापलेला आकडा ४३८. वीस कॅलरींची तूट.

वीस कॅलरी म्हणजे फार नाहीत असं कुणी म्हणेल, पण लेबलाच्या बाबतीत ही तूट बोलकी असते, कारण लेबलावरची एनर्जी बहुतेक वेळा मोजलेली नसतेच. प्रयोगशाळेत ओलावा, राख, फॅट आणि नायट्रोजन मोजतात. नायट्रोजन केल्डाल पद्धतीने काढतात आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणलं की प्रोटीन. हे सगळं शंभरातून वजा केलं की जे उरतं ते कर्बोदकं. आणि मग एनर्जी याच चार-चार-नऊच्या गुणाकाराने कागदावर काढतात. ज्या आकड्यांपासून एनर्जी बनली, ते आकडे परत घालून तीच एनर्जी यायलाच हवी. दशांशाच्या पूर्णांकीकरणाने कॅलरी दोन कॅलरीचा फरक पडेल, वीसचा नाही. वीसचा फरक पडला तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय.

मग कोणता? टक्क्यांचा रकाना इथे कामाला आला. एनर्जीसमोर ६.६ टक्के होते. ३० ग्रॅममध्ये १३१ कॅलरी, त्या २००० च्या ६.६ टक्के होतात, म्हणजे ४३८ बरोबर वाचलाय. फॅटसमोर ७.७ टक्के होते. १७.१ चे तीस टक्के म्हणजे ५.१ ग्रॅम, ते ६७ चे ७.७ टक्के. फॅटही बरोबर. उरले प्रोटीन आणि कर्बोदकं, दोन्हींचा ग्रॅम चार कॅलरींचा. वीस भागिले चार, पाच ग्रॅम कमी पडतायत. म्हणजे १३.६ च्या जागी १८.६ तरी असणार, किंवा ५२.३ च्या जागी ५७.३ तरी. चमकीत तीनचा आठ आणि आठचा तीन दिसणं नेहमीचं. सातचा दोन दिसणंही अशक्य नाही. घटकांच्या यादीत चणे आणि सोया पहिले होते, दाट संशय १८.६ वरच होता, पण बेरीज या दोघांत निवाडा करू शकत नाही. दोन्ही शक्यतांत बेरीज तीच येते. म्हणून ताईला सांगितलं, ‘ताई, पाकीट रिकामं कर, खिडकीपाशी ने आणि परत काढ.’

दुसऱ्या फोटोत १८.६ होतं. ७४.४ अधिक २०९.२ अधिक १५३.९, एकूण ४३७.५. जुळलं.

फोटो कसा काढायचा हे तिला मी त्याच दिवशी लिहून पाठवलं. पाकिटातला माल डब्यात ओतायचा, पाकीट टेबलावर सपाट दाबून ठेवायचं, कारण फुगलेल्या पाकिटाच्या वळणावर दशांश चिन्ह गायब होतं आणि १.७ चा १७ होतो. फ्लॅश बंद. वरचा दिवा बंद. दिवसाचा उजेड बाजूने तिरका पडेल असं बसायचं. एक फोटो अख्ख्या पाठीचा, ज्यात निव्वळ वजन, घटकांची यादी आणि तक्ता एकत्र दिसतील, आणि दुसरा नुसत्या तक्त्याचा, त्यातली वरची शीर्षकाची ओळ आणि खालच्या तारांकित टिपा न कापता. बरणी असेल तर ती फिरवत दोन-तीन फोटो, शेजारच्या फोटोत आधीच्याचा थोडा भाग यायला हवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडायचं, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. खालच्या टिपा मी मुद्दाम मागतो. ‘२०० मिलिलिटर दुधासह’ असं तिथे लिहिलेलं असतं आणि वरच्या रकान्यातलं निम्मं प्रोटीन त्या दुधाचं असतं.

आता वाटी. ताई संध्याकाळी चहाबरोबर ज्या स्टीलच्या वाटीने चिवडा घेते तीच वाटी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगितली आणि नेहमीसारखी भरायला सांगितली. मुद्दाम कमी नाही, मुद्दाम शिगोशीग नाही, जशी ती रोज भरते तशी. ४२ ग्रॅम आले. शंभर ग्रॅमला ४३८, म्हणजे ग्रॅमला ४.३८. बेचाळीस ग्रॅमला १८४ कॅलरी. प्रोटीन ०.१८६ गुणिले ४२, म्हणजे ७.८ ग्रॅम. पाकिटावरच्या सर्व्हिंगप्रमाणे हेच १३१ आणि ५.६ होतं. उत्पादकाची सर्व्हिंग ही त्याने ठरवलेली असते, ताईच्या वाटीशी तिचा संबंध नसतो. म्हणून मी सर्व्हिंगच्या रकान्यावरून कधीच हिशेब करत नाही, शंभर ग्रॅमचा रकाना आणि काट्यावरचं वजन एवढंच घेतो.

संध्याकाळच्या चहाच्या रकान्यात बाईंनी चिवड्यासारख्या खाण्याला १५० कॅलरी दिल्या होत्या. १५० भागिले ४.३८, ३४ ग्रॅम. वाटीतून थोडा कमी केला की बसत होतं. ताई खूश झाली. ‘म्हणजे रोज चालेल. प्रोटीनचा आहे ना तो.’

इथे मी थांबलो, कारण याच ठिकाणी हिशेबाचा खरा उपयोग असतो. तिच्या प्लॅनमध्ये १४०० कॅलरीत ६५ ग्रॅम प्रोटीन बसवायचंय. म्हणजे दर शंभर कॅलरीमागे सरासरी ४.६ ग्रॅम. जो पदार्थ शंभर कॅलरीत याहून जास्त प्रोटीन देतो तो दिवसाचं लक्ष्य गाठायला मदत करतो. जो कमी देतो, त्याची भरपाई दुसऱ्या पदार्थाने करावी लागते. चिवड्याचं काढून बघितलं. १८.६ भागिले ४.३८, शंभर कॅलरीमागे ४.२ ग्रॅम. ‘प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात पुढे छापलेला चिवडा तिच्या प्लॅनच्या सरासरीच्याही खाली होता. शंभर ग्रॅमला १८.६ हा आकडा खोटा नाही, चांगला आहे. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये १७ ग्रॅम फॅट आहे आणि एकट्या त्या फॅटच्या १५४ कॅलरी आहेत. तळलेले पोहे आणि शेंगदाणे यांच्या कॅलरींत प्रोटीन विरून जातं. साध्या फुटाण्यांना शंभर ग्रॅमला साधारण ३७० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रोटीन असतं. शंभर कॅलरीमागे सहा ग्रॅमच्या आसपास, आणि किंमत चिवड्याच्या कितीतरी कमी.

ताईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘अरे, मग मी उगाच महागाचं आणलं.’ मी म्हटलं, ‘उगाच नाही गं, आवडतो तर खा, फक्त त्याला प्रोटीनच्या खात्यात धरू नकोस, खाऊच्या खात्यात धर.’ बाईंनीही तेच केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी चिवडा, बाकी दिवशी फुटाणे.

शंभर कॅलरीमागे किती ग्रॅम, हा आकडा मी तेव्हापासून प्रत्येक पाकिटाचा काढतो. वजन कमी करणाऱ्याला कॅलरीचं बजेट ठरलेलं असतं, म्हणून प्रोटीनची तुलना कॅलरीशी करायला हवी, ग्रॅमशी नाही. दोन पाकिटं शेजारी धरून प्रोटीनचे नुसते ग्रॅम बघितले तर दाण्याचं बटर नेहमी दुधाला हरवेल. शंभर कॅलरीमागे बघितलं तर टोन्ड दूध पुढे जातं.

पुढचा फोटो सोया चंक्सचा होता आणि त्यात वाचण्याची अडचण अजिबात नव्हती. कागदी खोका, मॅट छपाई, आकडे स्वच्छ. शंभर ग्रॅमला ३४५ कॅलरी, प्रोटीन ५२, कर्बोदकं ३३, फॅट अर्धा ग्रॅम. बेरीज ३४४.५, जुळते. शंभर कॅलरीमागे पंधरा ग्रॅम प्रोटीन, शाकाहारी माणसाच्या प्लॅनमध्ये याला तोड नाही. ताईने लिहिलं होतं, ‘काल रात्री भाजी केली, मी १८० ग्रॅम घेतली.’

१८० ला लेबलाने गुणलं तर ६२१ कॅलरी आणि ९४ ग्रॅम प्रोटीन येतात. दिवसभराचं लक्ष्य ६५ चं असताना एका वाटीत ९४. असा आकडा आला की तिथेच थांबावं. लेबल कोरड्या चंक्सचं आहे आणि ताईच्या ताटात भिजवून, पिळून, कांदा-टोमॅटोत शिजवलेली भाजी आहे. चंक्स पाणी पितात. तिने नंतर मोजून बघितलं तेव्हा १०० ग्रॅम कोरडे चंक्स गरम पाण्यात भिजवून, गार पाण्याने धुऊन, घट्ट पिळल्यावर २८५ ग्रॅम भरले. पाण्याला कॅलरी नाही आणि प्रोटीनही नाही, म्हणून पिळलेल्या शंभर ग्रॅममध्ये लेबलावरचा साधारण तिसरा हिस्साच उरतो. आणि पिळणाऱ्याच्या हातावर हा आकडा बदलतो. सैल पिळले तर ३२० भरतील. म्हणून भिजल्यानंतरच्या वजनावरून उलटा हिशेब करायचा नाही. कोरडंच मोजायचं.

पण घरात चौघांची भाजी एका कढईत होते, तिथे एकटीसाठी कोरडं कसं मोजणार? यावर एकच खात्रीची रीत आहे, अख्ख्या कढईचा हिशेब करायचा आणि मग आपला वाटा काढायचा. पुढच्या वेळी ताईने तसं केलं.

कढई रिकामी असताना तोलली, ८४० ग्रॅम. कोरडे चंक्स १०० ग्रॅम, म्हणजे ३४५ कॅलरी, ५२ ग्रॅम प्रोटीन. कांदा २०० ग्रॅम, साधारण ९५ कॅलरी, ३ ग्रॅम. टोमॅटो १५० ग्रॅम, ३० कॅलरी, १ ग्रॅम. तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली, १४ ग्रॅम तेल गेलं होतं, म्हणजे १२५ कॅलरी, प्रोटीन शून्य. मसाले धरले नाहीत, या प्रमाणात त्यांनी फरक पडत नाही. एकूण कढईत ५९५ कॅलरी आणि ५६ ग्रॅम प्रोटीन. भाजी झाल्यावर कढईसकट १४६० ग्रॅम, म्हणजे भाजी ६२० ग्रॅम. ताईने १८० ग्रॅम घेतली. १८० भागिले ६२०, म्हणजे २९ टक्के. कॅलरी १७३, प्रोटीन १६ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त.

या रीतीत पाणी किती आटलं, चंक्स किती पिळले, यातलं काहीच मोजावं लागत नाही. पाणी कढईतही असतं आणि वाट्यातही, ते आपोआप कटतं. फक्त तेल न चुकता तोलायचं. तेलाच्या बाटलीतून हात थोडा सैल सुटला की पन्नास-साठ कॅलरी जास्त पडतात आणि भाजीकडे बघून ते ओळखू येत नाही. तोंडाने ‘तीन चमचे’ सांगणं आणि काट्यावर १४ ग्रॅम येणं यात बरंच अंतर असू शकतं.

डाळ, तांदूळ, शेवया, ओट्स, नूडल्स, इडलीचं तयार पीठ, सगळ्यांना हाच नियम. कोरड्या पिठाच्या पाकिटावर कोरड्याचा तक्ता असतो आणि आपण खातो ती इडली असते. काही पाकिटांवर मात्र तयार केलेल्या पदार्थाचा रकाना असतो. तो आहे की नाही हे शीर्षकाच्या ओळीत किंवा तळटिपेत लिहिलेलं असतं, म्हणूनच फोटोत त्या दोन्ही ओळी हव्यात.

मग भाचा अमेरिकेहून आला आणि आईसाठी प्रोटीन बारचा खोका घेऊन आला. ताईने फोटो पाठवला तो असा होता की चमक नाही, घडी नाही, अक्षरं मोठी, तरी बेरीज जुळेना. तिथल्या लेबलावर शंभर ग्रॅमचा रकाना नसतो, सगळं सर्व्हिंगचं. सर्व्हिंग एक बार, ६० ग्रॅम. कॅलरी २२०, फॅट ८, कर्बोदकं २३, त्यातलं फायबर १३, प्रोटीन २०. माझी बेरीज ८० अधिक ९२ अधिक ७२, २४४. छापलेल्यापेक्षा २४ जास्त.

चिवड्यात बेरीज कमी पडली होती, इथे जास्त भरतेय. हा फरक महत्त्वाचा. अमेरिकन लेबलावर एकूण कर्बोदकांत फायबर धरलेलं असतं, आणि फायबर आपल्या पोटात पूर्ण पचत नाही, त्याची ग्रॅमला चार कॅलरी मिळत नाहीत. साधारण दोन धरतात. माझ्या बेरजेने तेरा ग्रॅम फायबरला चारने गुणलं होतं. प्रत्येकी दोन कमी केल्या, २६ वजा, उरल्या २१८. तिथे पन्नासच्या वरच्या कॅलरी जवळच्या दहावर आणून छापतात, म्हणून २२०. लेबल बरोबर, फोटोही बरोबर. अशा बारमध्ये साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले पदार्थही असतात, त्यांचीही कॅलरी चारपेक्षा कमी असते आणि त्यांच्यामुळेही बेरीज जास्त भरते.

त्यामुळे आता माझा नियम असा आहे. बेरीज छापलेल्यापेक्षा जास्त आली तर आधी फायबर बघायचं आणि त्याच्या दुपटीने फरक भरून निघतो का ते पाहायचं. निघाला तर विषय संपला. बेरीज कमी आली तर आधी बघायचं की फायबर कर्बोदकांच्या बाहेर वेगळं दाखवलंय का, युरोपातल्या लेबलांवर तसं असतं, आणि तेव्हा फायबरच्या दोन-दोन कॅलरी वर मिळवाव्या लागतात. तेही नसेल तर आकडा चुकीचा वाचलाय असं धरून नवा फोटो मागायचा. परदेशी पाकिटावर कधी फोटोत फक्त किलोज्यूलचा आकडा येतो. एनर्जी अठराशे-एकोणीसशे दिसली की घाबरू नये, ४.१८४ ने भागावं.

ताईला हे सगळं माझ्याशिवायही करता यावं म्हणून मी तिला गूगल शीटवर एक साधा तक्ता करून दिला. अ रकान्यात नाव, मग शंभर ग्रॅमची एनर्जी, प्रोटीन, कर्बोदकं, फॅट, आणि शेवटी तिने तोललेले ग्रॅम. पुढचे चार रकाने शीट स्वतः भरते.

```
G2: =4*C2+4*D2+9*E2-B2
H2: =B2*F2/100
I2: =C2*F2/100
J2: =C2/B2*100
```

पहिल्यात बेरजेचा फरक येतो, तो शून्याच्या आसपास हवा. दुसऱ्यात खाल्लेल्या कॅलरी, तिसऱ्यात प्रोटीन, चौथ्यात शंभर कॅलरीमागे प्रोटीन. चौथ्यात ४.६ च्या वरचे आकडे हिरवे होतात एवढं मी लावून दिलंय. अमेरिकन लेबल भरताना आधी सर्व्हिंगचे आकडे सर्व्हिंगच्या ग्रॅमने भागून शंभरने गुणायचे, ६० ग्रॅमच्या बारला २२० म्हणजे शंभरला ३६७.

शीटमध्ये १८३.९६ असं येतं तेव्हा ताई विचारते, ‘पूर्ण १८४ लिहू का?’ मी म्हणतो १८५ लिही. लेबलावरचा आकडा तपासलेल्या नमुन्यांचा असतो, तुझ्या हातातल्या पाकिटाचा नाही. त्यातल्या एका वाटीत शेंगदाणे जास्त पडले तर फॅट वाढतं, पोहे जास्त पडले तर कमी होतं. घरातला काटाही एखाद्या ग्रॅमने मागेपुढे असतो. कॅलरी पाचच्या आणि प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या पायरीने लिहिले तर बाईंना आठवड्याचा कल कळायला पुरेसे असतात. याउलट ३ चा ८, कोरड्याऐवजी भिजलेलं, सर्व्हिंगऐवजी शंभर ग्रॅम, या गफलती पाच कॅलरींच्या नसतात. चिवड्याच्या त्या एका अंकाने शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम प्रोटीन इकडचं तिकडे झालं असतं, आणि चंक्समध्ये तर आकडा तिपटीहून जास्त फुगला असता.

ज्याला पाकीटच नाही तिथे फोटोचा उपयोग नाही. ताईच्या गल्लीतल्या डेअरीत पनीर सुटं मिळतं, कापून, कागदात गुंडाळून. त्याचं काय करायचं हा तिचा नवा प्रश्न आहे. दुकानदाराकडे लेबल नाही, आणि पनीर म्हशीच्या दुधाचं की गायीच्या, साय काढलेल्या की न काढलेल्या, यावर फॅट बरंच बदलतं. सुट्या वस्तूंसाठी मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते वापरतो, कांदा-टोमॅटोचे आकडेही तिथलेच. पनीरसाठी मात्र तिला सांगितलंय की सध्या बंद पाकिटातलं घे, ज्याच्या पाठीवर फॅट छापलेलं असेल, आणि फोटो खिडकीपाशी काढ.